रस्त्याकडची मोकळी बाजू

दारूवरचं पथनाट्य आम्ही आमच्या गावी, सुर्ल्यात, बारसमोरच करायचं ठरवलं, कारण माझा मोठा भाऊ रोज संध्याकाळी त्याच बारमध्ये असायचा. खाण बंद पडल्यापासून त्याचं तेच चाललं होतं. उपदेश केला की तो उठून जायचा. त्याने निदान एकदा हे बघावं, एवढ्यासाठी माझी सगळी धडपड.

पंचायतीचा ना-हरकत दाखला लवकर मिळाला. माइकच्या परवानगीला वेगळ्या फेऱ्या होत्या, म्हणून माइकच नको म्हटलं. घसा कशाला दिलाय देवाने? पोलीस ठाण्यात मात्र अट घातली: बारकडचा अर्धा रस्ता वाहनांना मोकळा हवा, तिथे कुणी बसता कामा नये. हमीपत्रावर सही माझी.

तालीम शाळेत. आमची सगळी मंडळी देवळातल्या नाटकांवर वाढलेली; तोंड वळायचं ते समोरच. मी खडूने गोल काढला, चारी बाजूंना खुर्च्या ठेवल्या आणि एकाच बाजूला पाठ राहिली की ओरडायचो. वहिनी, म्हणजे त्याच भावाची बायको, नाटकात दारुड्याची बायको झाली होती. तिला मी सर्वांत जास्त ओरडलो. ती पुन्हा पहिल्यापासून करून दाखवायची.

प्रयोगाच्या दिवशी बारसमोरच्या देवळाच्या बाजूला चटया अंथरल्या, मागे खुर्च्या लावल्या. मोकळ्या ठेवायच्या अर्ध्या रस्त्याकडे चुन्याची रेघ मारली. सरपंच पुढे बसले आणि झालं, सगळे नट त्यांच्याकडेच वळले. माझं डोकं फिरलं. वहिनी तेवढी शिकवल्याप्रमाणे फिरत राहिली. "घरी कधी येतलास?" हे वाक्य तिने बारकडे तोंड करून म्हटलं.

भाऊ बाहेर आला. प्लास्टिकची खुर्ची हातात, ती रेघेपलीकडे रस्त्यावर ठेवून बसला. पूर्ण शुद्धीत होता. मांडीवर हात ठेवून बघत होता.

हवालदाराने मला खूण केली. भावाच्या खुर्चीमागे एक टिपर ट्रक येऊन थांबला होता, हॉर्न देत होता. प्रयोग बंद पडेल, पुढच्या गावची परवानगी अडेल, असलं काहीबाही डोक्यात आलं. मी जवळ जाऊन म्हटलं, "दादा, ऊठ. इथे बसायचं नाही." खुर्ची उचलून त्याला चटईवर आणायला किती वेळ लागला असता? ते सुचलंच नाही. तो उठला, खुर्ची घेऊन आत गेला.

प्रयोग छान झाला. सरपंचांनी पाठ थोपटली, हवालदार म्हणाला, शिस्तीत केलंत.

चटया गुंडाळताना वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "आपणाहून इल्लो तो. आणि तू तेका उठवलस."

त्यानंतर आम्ही नऊ गावांत प्रयोग केले. एकाही प्रयोगाला तो आला नाही.