उजवीकडचा स्क्रीन

टॅब आईचा. दादाने पुण्याहून पाठवला होता, नातवाचं तोंड मोठं दिसावं म्हणून. पण दिवसभर तो माझ्याकडेच असायचा. मी रबाळ्यातल्या एका कारखान्यासाठी विजेच्या पॅनेलची ड्रॉइंग्ज करते. आईच्या मानेत गाठ आली तेव्हापासून सानपाड्याच्या घरूनच काम करत होते. ऑफिसात दोन मोठे मॉनिटर, घरी हा एवढासा लॅपटॉप. ड्रॉइंग उघडलं की ग्राहकाने काय मागितलंय ते झाकलं जायचं, आणि ते उघडलं की ड्रॉइंग. डोकं उठायचं. मग टॅब स्टँडवर ठेवून लॅपटॉपच्या उजवीकडे लावला. लॅपटॉपवर ड्रॉइंग, टॅबवर ग्राहकाची पीडीएफ.

हे लावायचे दोन प्रकार असतात. एकात दोन्हीकडे तेच दिसतं, त्याला डुप्लिकेट म्हणतात. दुसऱ्यात लॅपटॉपचं टेबल टॅबपर्यंत लांब होतं. माउसचा बाण उजवी कड ओलांडून टॅबवर जातो आणि तिथे ठेवलेलं तिथेच राहतं, लॅपटॉपवर दिसत नाही. मला अर्थात दुसराच हवा होता.

आईला याची भारी गंमत वाटायची. टॅबवर बोट टेकवलं की माझा बाण तिच्या बोटाखाली जाऊन बसतो, हे तिने पहिल्याच दिवशी शोधून काढलं. मी इकडे रेघ मारत असले की मागून येऊन टॅबला बोट लावायची. बाण गायब.

"आई! काम करतेय मी!"

"तुझा उंदीर माझ्या घरात आला, मी काय करू?" असं म्हणून हसायची. मानेवर हात ठेवून हसायची, कारण हसताना तिथे ओढ बसायची.

तेव्हा टॅब केबलने जोडलेला असायचा, आणि केबलचा एक मोठा गुण होता. दुपारी तिकडे पुण्यात नातू शाळेतून आला की आई यायची, वायर उपटायची आणि टॅब घेऊन जायची. वायर निघाली की दुसरा स्क्रीन संपला. त्यावरच्या सगळ्या खिडक्या लॅपटॉपवर परत. मला काही बघावं लागायचं नाही.

मग टॅबचा चार्जिंगचा पॉइंट ढिला झाला. वायर तिरकी धरली तर चार्ज व्हायचा, पण स्क्रीनचं कनेक्शन सारखं तुटायचं. स्टेशनजवळचा दुकानदार म्हणाला, ठेवून जा, पार्ट मागवावा लागेल. आई ठेवू देईना. "पोराला बघू कशी मग?" म्हटल्यावर मी वायफायवरून जोडायला लागले. चालायचं बरं. मायक्रोवेव्ह लावला की बाण अडखळायचा, एवढंच. फक्त टॅब आईला देताना आठवणीने डिस्कनेक्ट दाबायला हवं होतं. दाबत होतेच मी. त्या एका दिवसापर्यंत.

त्या आठवड्यात आईच्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. दादाचं आणि माझं ठरलं होतं, रिपोर्ट माझ्या मेलवर येईल, आणि काहीही निघालं तरी आईला सांगायचं, साधी गाठ आहे. यात नवं काही नव्हतं. बाबांच्या वेळी हेच केलं होतं, आणि तेव्हा मला शिकवणारी आईच होती. स्वयंपाकघरात उभं करून तिने ते वाक्य माझ्याकडून म्हणून घेतलं होतं. 'साधी गाठ आहे बाबा, काढून टाकतील.' बाबा तसेच गेले, काही न कळता. निदान दादाची आणि माझी तशी समजूत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई तेव्हा म्हणाली होती. म्हणजे जिने मूठ झाकायला शिकवलं, तिच्यापासूनच आता मूठ झाकायची होती. मला धडकी भरली होती, आणि त्या आठवड्यात मी घरात उगाचच सगळ्यांवर खेकसत होते. सगळ्यांवर म्हणजे आईवरच. दुसरं होतं कोण?

दुपारी फोन आला. लॅबमधली मुलगी होती. मी बाल्कनीत जाऊन दार लोटून घेतलं.

"मॅडम, रिपोर्ट मेल केलाय. डॉक्टरांनी उद्याच यायला सांगितलंय."

"उद्याच का?"

"ते डॉक्टर सांगतील मॅडम. पण उद्याच या."

समोरच्या बिल्डिंगवर कोणीतरी सतरंजी झटकत होतं, तिकडे बघत मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग आत आले, खुर्चीत बसले, मेल उघडला आणि फाइलवर क्लिक केलं.

काहीच झालं नाही.

लॅपटॉपवर माझं ड्रॉइंग जसंच्या तसं. हँग झाला असेल म्हणून परत क्लिक केलं. चडफडले. खाली पट्टीवर पीडीएफची खूण दिसत होती, म्हणजे फाइल उघडलेली होती. मग गेली कुठे?

आणि मला कळलं. महिनाभर मी प्रत्येक पीडीएफ उजवीकडेच वाचत होते. तो प्रोग्राम शेवटी जिथे ठेवला होता तिथेच पुन्हा उघडतो. रिपोर्ट उजवीकडच्या स्क्रीनवर उघडला होता.

मी उजवीकडे पाहिलं. स्टँड रिकामा होता.

आईच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत पंखा फिरत होता, बाकी आवाज नाही. मी बाल्कनीत असताना ती रोजच्यासारखी आली असणार आणि टॅब घेऊन गेली असणार. वायर नव्हती, त्यामुळे उपटायचं काही नव्हतं, आणि तुटलंही काही नव्हतं. टॅब तिच्या मांडीवर होता आणि अजून माझाच दुसरा स्क्रीन होता.

नसेल पाहिलं, असं मनाशी म्हणत मी बाण धरला, उजवीकडे जाऊन ती खिडकी बंद करायला. बाण कडेपर्यंत नेला आणि तो हातातून सुटला. आपोआप गेला. मी परत ओढून आणला. परत गेला. बोट टेकवलेलं होतं तिने.

या वेळी आतून हसण्याचा आवाज आला नाही.

आईचं इंग्रजी बेताचंच. पण बाबांची फाइल दोन वर्षं तिने काखेत मारून फिरवली होती. रिपोर्टमध्ये कुठला शब्द कुठे शोधायचा हे तिला कोणी सांगायला नको होतं. आणि अक्षर बारीक असलं तर दोन बोटांनी मोठं करायचं, हे मीच शिकवलं होतं.

मी तेव्हा उठून आत जायला हवं होतं. मी गेले नाही. ऑफिसात दिवसातून शंभरदा दाबायची सवय असलेली बटणं बोटांनी दाबली, ज्यांनी खिडकी एका स्क्रीनवरून उडी मारून दुसऱ्यावर येते. रिपोर्ट माझ्यासमोर आला. मी अजून एक अक्षरही वाचलेलं नव्हतं, तरी उघडलेलं पान पहिलं नव्हतं, दुसरं होतं. आणि इतकं मोठं केलेलं, की स्क्रीनभर एकच ओळ, आणि त्या ओळीत तो एकच शब्द. बाबांच्या फाइलमधला.

आईच्या हातातला रिपोर्ट मी असा ओढून घेतला होता. तिच्या मांडीवर आता फक्त माझा निळा वॉलपेपर असेल.

बराच वेळ गेला. मग आतून हाक आली, अगदी नेहमीच्या आवाजात. "अगं, या टॅबवर तुझं काय काय येतंय बघ. मला व्हिडिओ कॉल लावून दे."

मी गेले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी डिस्कनेक्ट केलं, नातवाला फोन लावून दिला. ती त्याला गृहपाठ विचारत होती, दात पडला तो दाखव म्हणत होती. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि दादाला फोन केला.

"तिला काय कळणार आहे इंग्रजीतलं?" दादा म्हणाला. "टेन्शन नको घेऊ. ठरलंय तेच बोल."

संध्याकाळभर घरात कोणीतरी तिसरं वावरत असल्यासारखं वाटत होतं. आईने भाजी निवडली, कपड्यांच्या घड्या केल्या. मिक्सरचं झाकण कसं बसवायचं ते मला दाखवलं, जसं मला माहीतच नव्हतं. गॅसची पुस्तिका कुठे असते तेही सांगितलं. एरवी मी खेकसले असते. त्या दिवशी प्रत्येक गोष्ट 'हो, हो' म्हणून ऐकत राहिले, आणि प्रत्येक 'हो'बरोबर माझी भीती वाढत गेली.

सकाळी डॉक्टरांकडे निघायची तयारी झाली. आई साडीला पिन लावत होती. मी चपलांपाशी उभी राहून म्हटलं, "आई, साधी गाठ आहे. काढून टाकतील."

पिन तशीच धरून ती वळली.

"घाईत बोलतेस तू," ती म्हणाली. "बाबांनाही असंच घाईत सांगितलंस. तिथेच ओळखलं त्यांनी."

"बाबांना माहीत होतं?"

"त्याच दिवशी. मला म्हणाले, पोरीला कळू देऊ नकोस. तिला वाटू दे, बाबांना फसवलं आपण."

मी तिथेच चपलांच्या स्टँडवर टेकले. इतकी वर्षं मी ज्या एका गोष्टीवर समाधान मानलं होतं, तीच गेली. मला रडू आलं आणि आईचा रागही आला.

"मीही तसंच करणार होते," आई म्हणाली. "काल कॉल लावायला लावला तो त्यासाठीच. पण पान ओढून घेतलंस ना तू माझ्या हातातून. म्हणजे मी वाचलंय हे तुला कळलं. मग आता कोणी कोणाला फसवायचं?"

हातातली पिन तिने साडीला लावली.

"तिसरं पान राहिलं माझं बघायचं," ती म्हणाली. "निघायच्या आधी लाव."

मी लॅपटॉप उघडला. टॅब जोडला, आणि पहिल्यांदाच ते सेटिंग बदलून डुप्लिकेट केलं. आई डायनिंग टेबलाशी माझ्या शेजारी बसली, टॅब दोन्ही हातांनी धरून, चष्मा लावून. तिसरं पान दोन्हीकडे एकदमच आलं. तिने एका ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडचा बाण त्याच ओळीवर जाऊन थांबला.

"हे काय लिहिलंय?"

मी ती ओळ आधी मनात वाचली. मग हळू, अजिबात घाई न करता, मराठीत तिला सांगितली. साधी हा शब्द त्यात कुठेच नव्हता.