रूपाली मसराम आणि माझा चांगला पाय

माझा गुडघा दारू पकडताना गेला. हे वाक्य मी सभांमध्ये पुष्कळ वापरलं आणि टाळ्याही घेतल्या. पण दारू त्या दिवशी पकडली गेलीच नव्हती. आम्ही बाया भट्टीच्या धुराकडे धावत होतो. मध्ये पाण्याचा पाट आला. बाकीच्या बाया बाजूच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या फरशीपुलावरून गेल्या. मी उडी मारली, कारण पुढारी रपट्यावरून जात नसतो, अशी माझी समजूत. पाय चिखलात रुतला, अंग वळलं, पाय तिथंच राहिला. आतून कट्‌ आवाज आला. संध्याकाळपर्यंत गुडघा पपईएवढा झाला आणि भट्टीवाला दुसऱ्या नाल्याला गेला.

मी गंगा, अल्लीपूरची. नववी नापास. कायदा वाचून वाचून शिकले, भांडून भांडून पाठ केला. आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि दारूही आहे, त्यामुळे मला कामाची कमतरता कधी पडली नाही. पण हे लिहायला बसले ते माझ्याबद्दल नाही. ज्या पोरीनं मला पुन्हा चालायला लावलं त्या रूपाली मसरामबद्दल लिहायचंय. अडचण एवढीच की तिची गोष्ट सांगताना माझी फजिती मधे येतेच.

रूपाली वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. कारंजाकडची, वनमजुराची मुलगी. घरी गोंडी बोलते, पेशंटशी आपली वऱ्हाडी, आणि डॉक्टरांशी डॉक्टरांची भाषा. आवाज कधी चढत नाही. माझा चढलेलाच असतो.

आधी काही महिने तिनं मला नुसता व्यायाम दिला. काही लोकांचं तेवढ्यावर भागतं म्हणे. माझं भागलं नाही. एसटीतून उतरताना गुडघा सटकायचा आणि मी कंडक्टरला शिव्या द्यायची. शेवटी ऑपरेशन ठरलं. त्या दिवशी सर्जन साहेबांच्या खोलीत रूपालीही होती.

"तुटलेला लिगामेंट, म्हणजे गुडघ्याच्या आतला पट्टा, नुसता शिवून भागत नाही," साहेब म्हणाले. "तुमच्याच अंगातला दुसरा पट्टा काढून तिथं बसवायचा."

"दुसऱ्याचा नाई चालत?"

"मृत दात्याचाही वापरतात. पण धावपळ करणाऱ्या माणसात तो लवकर तुटायचा धोका जास्त. आणि आपल्याकडे सहज मिळत नाही."

मग त्यांनी पर्याय सांगितले. वाटीच्या खालचा पट्टा घेतला तर त्याच्या दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा असतो, म्हणून तो लवकर जुळतो, मजबूतही असतो, पण पुढं गुडघा टेकताना दुखू शकतं. वाटीच्या वरचाही घेता येतो. मांडीच्या मागचा घेतला तर पुढचं दुखणं कमी, पण मागचा जोर काही काळ कमी होतो. घोट्याच्या बाहेरून घेणारेही डॉक्टर आहेत.

"ताई, तुमचं काम काय हाय?" रूपालीनं विचारलं.

"खाली बसणं," मी म्हणाले.

साहेब हसले. रूपाली हसली नाही. "धरणं?"

"हो. कधी गुडघे टेकून, कधी मांडी घालून. आणि पोलीस आले की पळणं."

"मग मागचा घ्या, साहेब," ती म्हणाली. "याहीले गुडघा टेकता आला पाह्यजे. मागच्याचा जोर आपण भरून काढू."

माझ्या कामाचं स्वरूप आजवर कुणी इतक्या गंभीरपणे ऐकून घेतलं नव्हतं. मी खूश झाले. ती खुशी टाके निघेपर्यंत टिकली.

ऑपरेशननंतर माझा पहिला प्रश्न: "तारीख सांग."

"काह्याची?"

"मी पळणार कधी, त्याची. लेखी दे."

"तारीख नाई ताई. अटी हायेत."

आयुष्यभर मी हेच ऐकत आले होते. कचेऱ्यांमधून, साहेबांकडून, विहिरीच्या अर्जावर, रस्त्याच्या अर्जावर. माझं डोकं फिरलं. "अटी म्हणजे टाळाटाळ! तारीख घेतल्याशिवाय मी इथून हलत नाई." आणि मी तिच्या खोलीत धरण्यावर बसले.

बसले म्हणजे खुर्चीवर. खाली बसायला गुडघा वाकतच नव्हता. खुर्चीवरचं धरणं मी पहिल्यांदाच केलं. लोकांना वाटलं नंबर लागायचाय.

रूपालीनं समोर स्टूल ठेवलं, त्यावर माझी टाच टेकवली आणि टाचेखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली. "बसल्याच हाव तं गुडघा खाली दाबा. मांडीचा समोरचा स्नायू झोपून राह्यला, त्याले उठवा. गुडघा पूरा सरळ झाला पाह्यजे, सूज उतरली पाह्यजे, पाय सरळ उचलला तं गुडघा मधात झुकला नाई पाह्यजे. मंग कुबडी सुटन. ही पह्यली अट."

संध्याकाळपर्यंत माझं आंदोलन चाललं आणि त्यातच व्यायाम पूर्ण झाला. इतक्या सफाईनं माझं आंदोलन कुणी मोडलं नव्हतं.

जाताना ती म्हणाली, "एक तारीख हाय तशी. नऊ महिन्याच्या आत पळापळ, उड्या, वळणं नाई. पण नऊ महिने झाले म्हणून बी नाई. त्याच्यानंतर अटी पुऱ्या झाल्या तरच."

"म्हणजे तारीख हाय बी आन नाई बी?"

"नवीन पट्टा आधी कमजोर होते, मंग हळूहळू हाडाले धरते. तुमाले बरं वाटन, तवाच तो आतून कच्चा राह्यते. लोकं तिथंच फसते. पुन्हा तुटते तरी, नाईतं दुसऱ्या पायाचा जाते."

"दुसऱ्याचा काऊन? त्यानं काय केलं?"

"तो एकटा भार उचलते ना, बिचारा."

इतकी कडक पोर पाहून मला खात्रीच झाली की हिच्या आयुष्यात काहीतरी घडलं असणार. कबड्डी खेळत असेल, हिचाच गुडघा गेला असेल, घाईनं मैदानात उतरली असेल, स्वप्न मोडलं असेल. मला भाषणासाठी अशी माणसं लागतातच. एक दिवस तिच्या खोलीतली व्यायामाची सायकल चालवता चालवता हळूच तिचा हात धरला. "पोरी, तुझा गुडघा कधी गेला?"

"माझे दोन्ही चांगले हायेत, ताई."

"मंग तुले एवढं कसं कळते?"

"कॉलेजात शिकले."

मी पुन्हा सायकल चालवली.

महिने गेले. सायकलवरून पायरीवर, पायरीवरून एका पायाच्या बैठकीवर. सूज आली की ती एक पाऊल मागं न्यायची, गुडघ्यानं तक्रार केली नाही की पुढं. पळणंही असंच आलं. आधी सूज नको, मांडीत पुरेसा जोर हवा, एका पायावर बसताना तोल जायला नको, मग सरळ रेषेत, सपाट जमिनीवर, हळूहळू. दवाखान्याच्या मागं मी पहिल्यांदा पळले तेव्हा मला वाटलं मी हरणासारखी दिसतेय. रूपालीनं मोबाईलवर काढलेला व्हिडिओ पाहिला. पोत्यातून उंदीर निसटावा तसं काहीतरी दिसलं.

नववा महिना संपला आणि गावातून खबर आली. नाल्याच्या काठाला भट्टीवाल्या तानबानं मोठी भट्टी लावली होती. बायांनी धाड ठरवली. मी नव्हते, म्हणून पुढारपण रीताकडं गेलं होतं. रीता माझीच तयार केलेली. गेल्या दोन धाडी तिनं बऱ्या केल्या, असं लोक मला मुद्दाम येऊन सांगत. आता ही तिसरी. नाल्याचा काठ उतरायचा, दगडांवरून धावायचं, माणूस वळला की वळायचं. या धाडीत मी पुढं नसले तर पुन्हा मला पुढं बोलावणार कोण? झोप उडाली माझी. मला परवानगी पाहिजे होती, आणि परवानगी रूपालीच्या हाती होती.

तिनं आधी एक प्रश्नावली दिली. पळताना भीती वाटते का, पाय दगा देईल असं वाटतं का. मी सगळीकडे 'नाही' लिहिलं.

"ज्याले काहीच भेव नाई त्याचं मले भेव वाटते," ती म्हणाली.

मग उड्या. एका पायावर उडी मारायची, त्याच पायावर उतरून थांबायचं. आधी चांगला पाय, मग ऑपरेशनचा. ऑपरेशनच्या पायाची उडी चांगल्याच्या शंभरात नव्वद तरी पाहिजे. तीच ताकदीची अट.

नववी नापास असले तरी एवढं गणित मला येतं. वरचा आकडा वाढत नसेल तर खालचा कमी करायचा. मी चांगल्या पायावर उडी मारली, पण चोरून. सभ्य, घरंदाज उडी. मग ऑपरेशनच्या पायावर जीव तोडून. पंचाण्णव आले. मी हात वर केले.

रूपालीनं मोजायचा टेप गुंडाळला नाही. फरशीकडं पाहत राहिली. मग सहज म्हणाली, "बरोबर हाय. वय झालं ना ताई. रीताबाई काल ड्रेसिंगले आल्या होत्या. म्हणे, गंगाताईंनी आता खुर्चीवर बसून मार्गदर्शन करावं."

"कोण म्हणे? रीता?" माझ्या कानातून धूर निघाला. "खुर्चीवर? मी?"

"आता चांगल्या पायानं तरी कुठं उडते त्या, म्हणे."

"थांब! दाखवतो तुले!" आणि मी चांगल्या पायावर अशी उडी मारली की भिंतीशी ठेवलेला मोठा चेंडू घरंगळत दाराबाहेर गेला. उतरून मी छाती फुगवली. आणि मला समजलं.

रूपालीनं शांतपणे टेप धरला. हिशेब केला. "अठ्ठ्याहत्तर."

"रीता आली होती का ड्रेसिंगले?"

"नाई वो ताई. रीताबाई कोण हायेत, मले तुमीच सांगतलं."

मी तिला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले फसवाले काही नाई लागत. पण नाल्यात गुडघा टेपवरचा आकडा पाहणार नाई."

धाडीच्या दिवशी मी गेलेच. पण गावातल्या सोनूच्या ऑटोत, रस्त्यावर. मी नजर ठेवणार, असं मीच बायांना सांगितलं. रीता "बरं ताई" म्हणाली, आणि त्या "बरं" मध्ये मला काय काय ऐकू आलं. खाली डबडे फुटल्याचा आवाज झाला, आरडाओरड झाली, आणि तानबा काठ चढून थेट माझ्याकडंच पळत आला. मधे फक्त चर. उडी मारली असती तर त्याची कॉलर हातात आली असती.

माझा पाय ऑटोबाहेर पडला होता. ऑपरेशनचाच. चरात दगड होते, ओल होती. मी तो पाय दोन्ही हातांनी धरून आत ओढला.

तानबानं पाहिलं. थांबला. "ताई, पाय बरा हाय का आता?" खरंच काळजीनं विचारलं त्यानं. मग शेतातून पसार झाला.

रीता धापा टाकत वर आली. भट्टी फुटली होती, माल सांडला होता. "ताई, समोरून गेला! सोडला काऊन?"

"नापास हावो मी," मी म्हणाले. "अजून."

रीता खो खो हसली. बाकीच्याही. मीही हसले, जरा उशिरानं.

घरी येऊन रूपालीला फोन केला. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. सगळं ऐकून तिनं विचारलं, "पाय आत घेताना गुडघा आतल्या अंगाले झुकला का?"

"मले काय माहीत!"

"झुकला असन. उडी मारून उतरताना बी तुमचा आतच पडते. सोमवारी येजा, आरशासमोर करू."