मालनच्या गुडघ्यांनी पाहिलेला समुद्र

रत्नप्रभा सावंतबाईंच्या सहलीत एखादं ठिकाण यायला आधी ते मालनच्या गुडघ्यांना पसंत पडावं लागे. मालन ही त्यांची बोरिवलीतली शेजारीण, गावाकडचीच, वजनदार आणि गुडघ्यांनी अधू. कुठलंही ठिकाण कार्यक्रमात घालण्याआधी सावंतबाई तिला घेऊन पाहणीला जात. मालन जिथे पोचली तिथे बायकांची बस पोचणार, हा हिशेब. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हा उद्योग त्यांनी याच हट्टावर चालवला होता. न पाहिलेली जागा त्या कुणाला दाखवत नसत.

यंदा घाटकोपरच्या महिला मंडळाने अडवलं. मंडळाच्या चिटणीस हेमांगी. त्यांनी फोनवर एक रीळ पाठवलं: समुद्राच्या मधोमध वाळूचा पांढरा पट्टा, दोन्ही बाजूंना निळं पाणी आणि मध्ये एकटी मुलगी, ओढणी उडवत. हे ठिकाण असेल तर सहल तुमच्याकडे, नाहीतर दुसरे आयोजक तयार आहेत, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं. हे मंडळ दरवर्षी येई आणि त्याच्या भरवशावर बाकीच्या सहली निघत. सावंतबाईंना ते गमावून चालणार नव्हतं.

पट्टा फक्त मोठ्या ओहोटीला उघडा पडतो, हे त्यांना ठाऊक होतं. मोठी ओहोटी म्हणजे पौर्णिमा-अमावास्या. कोकणातल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. त्यांनी पौर्णिमेचा रविवार निवडला, भाचेसून श्रुतिकाला फोटोसाठी घेतलं आणि पहाटे मालनसह तिघी निघाल्या. बस पोचेल त्याच वेळी, भर दुपारी, रायगडच्या त्या किनाऱ्यावर उतरल्या.

समोर नुसतं पाणी. लाटा थेट सुरूच्या झाडांपर्यंत.

श्रुतिकाने फोनवरचं रीळ पाहिलं, मग समुद्र पाहिला. सावंतबाईंनी कपाळावर हात मारला. पौर्णिमेला ओहोटी मोठी, तशी भरतीही मोठी, आणि आपल्या या किनाऱ्यावर ती भरती नेमकी दुपारच्या सुमाराला येते. अर्धं ज्ञान घेऊन त्या डौलात आल्या होत्या. पाणी उतरणार ते संध्याकाळी.

"मग बसू या की," मालन म्हणाली आणि खानावळीत जाऊन तिने मासे मागवले.

ऊन कललं तसा समुद्र मागे सरकू लागला. पट्टा खरोखर वर आला. पण तो पांढरा नव्हता, राखाडी होता, आणि तिथे जायला घोट्याएवढ्या चिखलातून बरंच चालायचं होतं. पट्ट्यावर जागोजाग माणसं. ड्रोनवाला एकेकाला उभं करत होता, बाकीचे आपली पाळी येईपर्यंत एकमेकांच्या फोटोत शिरत होते. श्रुतिकाने हात उंच करून, वाकून, बसून फोटो काढले. माणसाच्या उंचीवरून तो पट्टा शाळेच्या मैदानासारखा दिसत होता. दोन्ही बाजूंचं पाणी फक्त वरून दिसे.

मालन अर्ध्या वाटेत थांबली. "गो रत्ना, माका नाय जमूचा. तुम्ही जावा. मी हयच बसतंय."

आणि ती सरळ उथळ पाण्यात बसली, पातळासकट. कोमट पाणी कमरेभोवती येई आणि जाई, पायाखालची रेती सरके, नि तिला गुदगुल्या होत. ती हसू लागली ती थांबेना. परतताना श्रुतिकाने तिचाही एक फोटो काढून ठेवला.

आठवड्याने हेमांगी ठरवायला बोरिवलीला आल्या. सावंतबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. फोनवरच्या फोटोंत दुपारचा समुद्र दाखवला, संध्याकाळचा चिखल दाखवला, रांग दाखवली.

"हे असं आहे. फोटोसाठी एवढ्या लांब जाऊ नका. आणि ओहोटी बघायची तर मुक्काम करावा लागेल, एका दिवसात जमणार नाही. ही जागा मी कार्यक्रमात घालणार नाही. दुसऱ्यांकडे जायचं तर जा."

फोटो पुढे सरकवताना हेमांगींचं बोट थांबलं.

"ह्या कोण? एवढ्या हसतायत कशाला?"

सावंतबाईंनी सांगितलं.

"हे कुठलं ठिकाण?"

"तेच. पट्ट्याच्या बरंच अलीकडे. इथे कुणी येत नाही."

हेमांगींनी फोटो मोठा केला, चष्मा वर केला, पुन्हा पाहिला. शेवटचं असं मनसोक्त पाण्यात बसून किती वर्षं झाली, हे बहुधा त्या मोजत असाव्यात. मग म्हणाल्या, "आमच्या बायकांना इथे बसवा. पट्ट्यावर ज्यांना जायचंय त्या जातील. मुक्कामाचं मी पटवते त्यांना."

"रीळ करणाऱ्या नाराज होतील."

"होऊ देत हो. त्या कुठेही नाराजच असतात."

सावंतबाईंनी तिथल्या तिथे पंचांग काढलं. पौर्णिमा की अमावास्या यावर दोघींचा वाद झाला. घरचे उपास, पाहुणे, नातवंडांच्या परीक्षा सगळं मध्ये आलं, आणि अखेर अमावास्येच्या आदल्या दिवसावर एकमत झालं. हेमांगी निघताना दारात थबकल्या. मंडळाने सहलीसाठी एकसारख्या निळ्या साड्या घेतल्या होत्या, हे त्यांनी चाचरत सांगितलं.

"आणा," सावंतबाई म्हणाल्या, "पण त्या नेसून खाऱ्या पाण्यात बसायचं नाही. त्यासाठी जुनी पातळं वेगळी आणा."