सदलग्यात दिलेला शब्द

दुकानदारानं मूठभर शेंगदाणे जास्त घातले, की श्रद्धा त्यांचा आधी वास घेऊन बघायची. बेळगावातल्या यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात सहा वर्षं माल तपासून तो स्वभाव पक्काच झाला होता. त्यामुळे कोल्हापूरच्या नव्या नोकरीसाठी राजीनामा दिल्यावर पाचव्या दिवशी मालक नागेंद्रअण्णा थेट सदलग्याला घरी आले, तेव्हा तिला आधी शंकाच आली.

जैनाचं घर, जेवणं दिवस मावळायच्या आत; अण्णा नेमके त्या वेळेला आले. राजमतीआईनं ताट वाढलं.

"जिनपालआप्पा, पोरीला विभागप्रमुख करतो. पगारबी कोल्हापूरवाल्यांएवढा."

आप्पा विरघळले. "राहील की वो ती! माझा शब्द."

अण्णा गेल्यावर श्रद्धा उसळली. "चार वर्षं मागितलं तवा न्हाय, आन् आता पाच दिवसांत व्हय? काय तरी हाय ह्यात."

"घरी आलता माणूस, गं. शब्द दिलाय मी."

सोमवारी तिनं अण्णांकडं एवढंच मागितलं, हे लेखी द्या. पत्र आलं. बढती आणि पगारवाढ पुढच्या महिन्यात बड्या गिऱ्हाइकानं कारखान्याची पाहणी केल्यावर, 'कामगिरी पाहून'. म्हणजे पाहणीपुरती गरज! संशय खरा ठरल्याचा तिला जराही आनंद झाला नाही.

पण तोंड सोडून चालणार नव्हतं. कार्यमुक्तीचं पत्र असल्याशिवाय कोल्हापूरवाले रुजू करून घेणार नव्हते, आणि ते अण्णांच्या हातात होतं. वर आप्पांचा शब्द. चार वेळा खोडून तिनं मेल लिहिला:

'आदरणीय अण्णा, तुम्ही घरापर्यंत आलात, हा मान मी विसरणार नाही. प्रस्तावाबद्दल आभार. पण मी नीट विचार करून निर्णय घेतला आहे, तो बदलणार नाही. नोटिशीचा महिना पूर्ण करीन. पाहणीची सगळी कागदपत्रं लावून देईन, माझ्या जागी येणाऱ्या भावकूला काम शिकवीन. आप्पांनी शब्द दिला तो तुमच्यावरच्या मायेपोटी; निर्णय माझा आहे.'

पत्रातल्या अटीबद्दल एक अक्षर नाही.

अण्णांनी बोलावून घेतलं. "पगार आणखी वाढवला तर?"

"पगाराचं न्हाय, अण्णा. जायचं ठरलंय."

"मग आप्पांच्या शब्दाचं काय?"

"रागवायचं तर माझ्यावर रागवा. त्यांच्यावर नको."

अण्णांनी समोरची फाईल पुढं ओढली. महिनाभर श्रद्धा धास्तावलेलीच राहिली. भावकूला शिकवलं, फायली लावल्या, आणि रोज वाटे, कार्यमुक्तीचं पत्र अडकवणार हा माणूस.

शेवटच्या दिवशी पाकीट मिळालं. जिन्यातच उघडलं. तारखा बघितल्या, हुद्दा, सही, शिक्का. खोट सापडेना. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

सोबत एक चिठ्ठी होती, अण्णांच्या हातची. 'अट घालायला नको होती. आप्पांना सांग, त्यांचा शब्द परत पाठवलाय.'

सवयीनं तिनं चिठ्ठी उलटून मागची बाजू बघितली. ती कोरी होती. मग मात्र तिला रडू आवरेना.