पंख्यांखालचं बॅडमिंटन

बॅडमिंटन मी बदलापूरला, शिरगावातल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये शिकले. लग्न नसेल त्या दिवशी खुर्च्या भिंतीला रचून आम्ही मुली मध्ये नेट बांधायचो. हॉल सांभाळणाऱ्या काकांची अट एकच होती, लांब दांड्यांवर लटकणाऱ्या पंख्यांना शटल लागलं की खेळ बंद. त्यामुळे शटल उंच मारायचंच नाही अशी हाताला सवय लागली. कुठूनही, कसंही आलं तरी मी स्मॅश मारायचे.

पुढे उल्हासनगरच्या कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथल्या मुलींच्या संघात सिंगल्सची एक जागा होती आणि ती मला मनापासून हवी होती. निवडीचा सामना शेवटच्या वर्षाच्या एका सिंधी दीदीशी लागला.

पहिला गेम मी पटकन हरले. ती शटल उंच, माझ्या मागच्या रेषेपर्यंत पाठवायची आणि मी तिथूनच जीव खाऊन स्मॅश मारायचे. तिच्यापर्यंत पोहोचेतो शटलचा जोर ओसरलेला असायचा. ती नुसती रॅकेट पुढे धरून ते नेटजवळ टाकायची. मी अजून मागेच.

"थक गई क्या?" दीदी हसत म्हणाली. "मार ना अजून, मला आराम मिळतो."

मधल्या विश्रांतीत खेळाचे सर म्हणाले, "पोहोचायला उशीर झाला, तोल गेला, की क्लिअर मार. उंच, तिच्या मागच्या रेषेपर्यंत. शटल हवेत आहे तोवर तू मध्ये येऊन उभी राहा."

"सर, वर लागेल."

"कशाला लागेल?"

मी वर पाहिलं. कॉलेजच्या कोर्टाचं छप्पर खूप उंच होतं आणि एकही पंखा नव्हता.

"ती मागे गेली की नेटजवळच पडेल असा हलका ड्रॉप टाक," सर म्हणाले. "धावत येऊन तिने शटल अर्ध्या कोर्टात उचललं, की मग मार तुझा स्मॅश."

माझे पहिले क्लिअर आखूड पडले आणि दीदीने त्यांवर स्मॅश मारले. हळूहळू ते मागच्या रेषेपर्यंत जाऊ लागले. दुसरा गेम मी घेतला. तिसऱ्यात शेवटच्या पॉइंटला दोघींनाही धाप लागली होती. मी कोपऱ्यातून क्लिअर मारला, मध्ये आले. तिने परत मागे पाठवलं, पण या वेळी मी वेळेवर पोहोचले होते. ती मागेच आहे हे पाहून ड्रॉप टाकला. ती धावली, शटल जेमतेम उचललं. अर्ध्या कोर्टात, माझ्या डोक्यावर. तिथे मी स्मॅश मारला.

"आत्ता कळलं तुला," दीदी हात मिळवत म्हणाली.

संघात नाव लागल्याचं, आणि ते उंच क्लिअर मारून लागल्याचं, सांगायला मी लग्नाच्या हॉलवर गेले. काकांनी आधी पंख्यांकडे पाहिलं.

"आता उंच मारायला लागणार म्हणजे."

"सरावाला हवं काका."

"पंखे काढले तर वऱ्हाडाला घाम फुटेल, त्याचं काय?" मग म्हणाले, "चातुर्मासात लग्नं नसतात. तेव्हा मधले दोन उतरवून ठेवू."

त्या पावसाळ्यात ते दोन पंखे वर्तमानपत्रात गुंडाळून खुर्च्यांवर ठेवलेले असायचे, आणि मी त्यांच्या रिकाम्या जागेतून क्लिअर मारत राहायचे.