करून दाखवा

मला माझ्या समजावून सांगण्याचा फार अभिमान होता, आणि तो मी लपवतही नसे. डोंबिवलीत पूर्वेला माझा कान-नाक-घशाचा दवाखाना आहे. नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा लिहून दिला की मी तो कसा मारायचा हे दोन मिनिटांत सांगायचे, चित्रं असलेला छापील कागद हातात द्यायचे आणि विचारायचे, "समजलं ना?" समोरचं माणूस मान डोलवायचं. विषय संपला.

त्या मावशींनीही अशीच मान डोलावली होती. शीळफाट्याकडच्या एका गावातल्या आगरी बाई, साठीच्या आसपासच्या. पहाटे कल्याणच्या बाजारातून सुकट, जवळा, बोंबील अशी सुकी मासळी घ्यायची आणि ठाकुर्ली-डोंबिवलीच्या इमारतींत घरोघर विकायची, हा त्यांचा धंदा. ठरलेली गिऱ्हाइकं, काही तर पंधरा वर्षांची. पण नाक सहा-सात महिन्यांपासून बंद पडलं होतं.

"मना वासच येत नाय बाय," त्या म्हणाल्या होत्या. "सुकट हातात घेतली न् नाकाशी नेली, त काय बी कलत नाय. मंग माल घेऊ कशी?"

दोन्ही बाजूंना पॉलिप होते, म्हणजे नाकाच्या आत सोललेल्या द्राक्षासारखे मऊ फुगे. फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं नेमाने केलं तर ते बऱ्याचदा आकसतात. नाही आकसले तर ऑपरेशन. मी तसं सांगितलं. ऑपरेशन म्हटल्यावर त्या घाबरल्या नाहीत, चिडल्या. घरी सून टपूनच बसली होती म्हणे, सासूबाईंनी आता टोपली खाली ठेवावी म्हणून. ऑपरेशनचं निमित्त झालं की ती परत उचलू देणार नाही, याची त्यांना खात्री होती.

महिन्याभराने त्या आल्या त्या तणतणतच. पदराच्या टोकाला रक्ताचे डाग होते. फवाऱ्याची बाटली त्यांनी माझ्या टेबलावर आपटली.

"तू बोल्लीस तसाच केला. न् रोज रगत! पानी घातला का नाकात आग आग होते. हा तुजा अवशद तुलाच ठेव."

मलाही राग आला. या औषधाने थोडं रक्त येऊ शकतं, पण रोज? आणि मी सांगितल्याप्रमाणे करून? मी आत तपासलं. नाकाचा मधला पडदा दोन्हीकडून सोलवटला होता, त्यावर खपल्या धरल्या होत्या. भोक पडलेलं नव्हतं, एवढंच नशीब. पॉलिप मात्र होते तेवढेच. औषध त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

"मावशी," मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "ही बाटली घ्या आणि रोज करता तसं करून दाखवा. नाकात मारू नका, नुसतं दाखवा."

इतक्या वर्षांत 'करून दाखवा' असं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी बाटली न हलवताच उजव्या हातात घेतली आणि उजव्या नाकपुडीत बोटभर आत खुपसली. टोक थेट मधल्या पडद्यावर टेकलं. डावीकडेही डाव्या हाताने तसंच. मग डोकं मागे टाकून त्यांनी असा जोरदार श्वास ओढला की बाहेर बसलेल्या पेशंटने आत डोकावून पाहिलं.

"एवढ्या जोरात कशाला?"

"तपकीर मंग कशी वडतान?" त्यांनी मलाच विचारलं. त्यांची आई तपकीर ओढायची. नाकात घ्यायचं औषध म्हणजे डोळ्यांत पाणी येईस्तोवर ओढायचं, हे त्या लहानपणीच शिकल्या होत्या. त्यापुढे माझा कागद काय टिकणार?

"आणि पाणी कसं करता?"

पाणी नळाचं, थंड, न उकळलेलं. मीठ माहेरचं. माहेरी पूर्वी मिठागर होतं, अजूनही ओळखीच्या मिठागरातून खडामिठाची गोणी घरी येते. "दुकानाच्या मिठात काय हाय? आमचा मीठ असली," त्या म्हणाल्या, आणि किती टाकता म्हटल्यावर मूठ उघडून दाखवली. वर हे सगळं फवारा मारल्यावर लगेच. म्हणजे जे काही औषध आत गेलं असेल तेही धुऊन बाहेर.

माझा राग कुठल्या कुठे गेला. बाई महिनाभर सकाळ-संध्याकाळ न चुकता स्वतःचं नाक सोलत होत्या, तेही माझ्यावर विश्वास ठेवून. मला खरंच लाज वाटली.

मग आम्ही दोघी दवाखान्यातल्या बेसिनपाशी उभ्या राहिलो. फवारा आठवडाभर बंद, तोवर पडद्याला मलम. धुणं चालू ठेवायचं, पण मिठाची मूठ नाही, तयार पुडी. नाक धुण्याच्या बाटलीवरच्या रेघेपर्यंत पाणी, ते उकळून कोमट केलेलं. बेसिनवर वाकायचं, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्यायचा आणि बाटली हळू दाबायची. पाणी एका नाकपुडीतून जाऊन दुसरीतून बाहेर आलं तेव्हा त्या दचकल्या, मग हसल्या. "आग नाय झाली गो!" मग नाक शिंकरायचं तेही हलकेच, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून. बाटली धुऊन कोरडी करायची.

फवारा धुण्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी. बाटली हलवायची, मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीला डावा हात, डावीला उजवा, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाकडे वळतं. टोक जेमतेम आत. आणि श्वास फुलाचा वास घ्यावा इतकाच. हात त्यांना जमेना, उजवा सारखा पुढे यायचा. मी पाच वेळा करून घेतलं. बाहेरचे पेशंट खोळंबले, खोळंबू दे म्हटलं. आठवड्याने आल्या तेव्हा पडदा भरून आला होता. फवारा सुरू करण्याआधी त्यांनी मला पुन्हा सगळं बिनचूक करून दाखवलं. फरक लगेच दिसणार नाही, काही आठवडे लागतील, हेही मी बजावून सांगितलं.

त्यानंतर अडीच महिन्यांनी त्या आल्या. रक्त एकदाही आलं नव्हतं. पॉलिप आकसून वर सरकले होते आणि ऑपरेशनची गरज उरली नव्हती. मी खुशीत विचारलं, "मग, वास येतो का?"

"येतो ना," त्या म्हणाल्या. पण चेहरा उजळला नाही.

एका पहाटे त्यांना जाग आली ती घाण वासाने. उंदीर मेला असेल म्हणून त्यांनी खाटेखाली, मोरीत शोधलं. वास येत होता तो त्यांच्याच टोपलीतून. आदल्या दिवशी घेतलेला जवळा ओलसर होता, उग्र वास मारत होता. बाजारातल्या माणसाने त्यांचं नाक गेल्याचं ओळखलं होतं आणि उरलासुरला माल तो त्यांच्या गळ्यात मारत होता. किती महिने, देव जाणे. त्यांनी टोपली उकिरड्यावर उलटी केली. बाजारात जाऊन त्या माणसाला शिव्या घातल्या. मग एकेक घर घेतलं, एकेक जिना चढल्या आणि माझा माल खराब होता का, असं विचारत सुटल्या.

"सगल्यांना म्हाईत व्हतं, बाय. घेत व्हते न् मी गेली का फेकत व्हते. कोनी बोल्लं नाय."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नसतील बोलले, मावशी."

"पंदरा वरसांची गिऱ्हाइकं माजी. तोंडावर सांगाचा व्हता! मी काय रडली असती काय?" असं म्हणाल्या आणि तिथेच, तपासणीच्या खुर्चीत बसून, ढसाढसा रडल्या.