न आलेल्या कराराची तपासणी

अमरावतीला ज्या वकिलांकडे मी ज्युनिअर होतो, त्यांना न वाचता मत देण्याची सिद्धी प्राप्त होती. एकदा शेंदूरजनाघाटच्या एका संत्रा बागायतदाराचा व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आला. "व्यापाऱ्यानं बागेच्या सौद्याचा करार बदलून देला. जुना न नवा दोनी खाली टाकले. काय फरक हाय थे सांगा." खाली करार एकच होता, आणि तो जुना की नवा याचाही पत्ता नव्हता.

मी तो संदेश जसाच्या तसा एआयला दिला. त्याने लिहिले, 'इथे एकच मसुदा आहे. दुसरा मिळाल्याशिवाय फरक सांगता येणार नाही.'

साहेब हसले. "एवढंच येते याले?" म्हणत त्यांनी बागायतदाराला स्पीकरवर फोन लावला. "भाऊ, दोनी करार बारकाईनं पाहिले. फरक किरकोळ हाय. सही ठोका."

पलीकडून बागायतदार म्हणाला,

"साहेब, दुसरा टाकाचा राहूनच गेला. आता टाकतो."

"टाका ना," साहेब शांतपणे म्हणाले. "पण माहं मत तेच राहीन."